होडीत कोण होतं

देवयानीएच्चीला भेटायला आता लोक जातात आणि बाहेर येऊन म्हणतात, "बिचारी." मला हा शब्द ऐकला की संताप येतो. या बाईने चाळीस वर्षं आमच्या गावाला भंडावून सोडलंय. तिच्यापुढे बसून जिनं कधी उत्तर शोधलंय, तिने तिला बिचारी म्हणायचं काही कारण नाही. आणि मी तर म्हणूच नये, कारण तिला पहिल्यांदा बिचारी ठरवलं ते मीच. ते कसं, तेच सांगायला बसले आहे.

आमचे हे सोन्याच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यापायी विट्याहून इकडे पय्यन्नूरच्या बाजूला आले, त्याला एकतीस वर्षं झाली. मागोमाग मी आले. नदीकाठचं गाव, चारी बाजूंनी नारळ, आणि कानावर पडणारा एक शब्द कळेल तर शपथ. हे दिवसभर भट्टीपाशी, मी घरात भिंतींशी बोलत. शेजारच्या देवयानीएच्चीने आठवडाभर ते पाहिलं असावं. एच्ची म्हणजे इकडे थोरली बहीण. एका दुपारी ती आली, हात धरून मला वाचनशाळेत, म्हणजे गावच्या वाचनालयात घेऊन गेली आणि समोर पाटी ठेवली. अक्षरं तिने काढायची, त्यावरून मी गिरवायची. वर्षभर असं चाललं. त्यामुळे माझं मल्याळम अक्षर आजही हुबेहूब तिच्यासारखं आहे, शेवटच्या वळणाला जरा जास्त ताणलेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एच्ची शिकलेली सातवीपर्यंत. तरुणपणी बिड्या वळायच्या कारखान्यात होती. कारखाना म्हणजे एक लांब खोली, चाळीस माणसं ओळीने बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. त्या खोलीची एक रीत होती. चाळिसांपैकी एकाने बिड्या वळायच्या नाहीत, वाचायचं. सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या बिड्या बाकीच्यांनी थोड्या थोड्या वळून भरून द्यायच्या. त्या कारखान्यात वाचणारी होती देवयानीएच्ची. आवाज खणखणीत होता आणि न समजलेला शब्द गिळून टाकायची सवय नव्हती, म्हणून तिला निवडलं, असं ती सांगायची.

"वाचून झालं की मी विचारायचे," ती म्हणायची. "आधी आधी विचारायचे, काय गं, भावानं जमीन कुणाच्या नावावर केली? बायका पटकन सांगायच्या आणि हात चालूच. पान, तंबाखू, वळ, बांध. मग एक दिवस सहज विचारलं, त्या थोरल्या भावानं दार उघडलं नाही, तुम्ही उघडलं असतंत का? शालन, चाळीस जणांचे हात थांबले. मुकादम धावत आला, म्हणाला, काय झालं, कुणी मेलं का?"

तेव्हापासून तिचं माप एकच. हात थांबले पाहिजेत. उरलेले सगळे प्रश्न तिच्या लेखी शाळेतल्या परीक्षेचे.

कारखाना बंद पडल्यावर तिने वाचनशाळेत बायकांचा वाचनगट सुरू केला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीन वाजता. आम्ही एक कादंबरी घ्यायचो आणि महिन्याला एकच प्रकरण. लोक हसायचे, म्हणायचे, या वेगानं पुस्तक संपेपर्यंत तुमची नातवंडं वाचायला येतील. एच्ची म्हणायची, "पोट भरायला वाचायचं असेल तर घरी वाचा. इथं चावायला या." कॅलेंडरच्या गेलेल्या महिन्यांच्या पानांमागे ती प्रश्न लिहून आणायची. पाच प्रश्न, कधी सहा, त्याहून जास्त नाहीत. ते वाचून दाखवायची आणि मग गप्प बसायची. ते गप्प बसणं फार अवघड काम आहे. प्रश्न विचारून कोणी बोललं नाही की आपल्याला राहवत नाही, आपणच उत्तराचं शेपूट दाखवतो. एच्ची नाही. ती कट्टन, म्हणजे बिनदुधाच्या चहाचा पेला हातात धरून खिडकीबाहेर बघत बसायची, चहा निवेपर्यंत.

आमच्यात एक लीलावती टीचर आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं आणि एच्चीचं यावरून कायम वाजायचं.

"देवयानी, आधी गोष्ट कुणाला किती समजली ते तरी बघ," टीचर म्हणायच्या. "नायकाच्या आईचं गाव कोणतं, हे नको विचारायला?"

"ज्या प्रश्नाचं उत्तर पानावर बोट ठेवून दाखवता येतं, तो प्रश्न नव्हे टीचर. ती हजेरी झाली."

"मग प्रश्न म्हणजे काय?"

"पानाकडं परत पळायला लावतो, पण पानावर सापडत नाही, तो. आणि विचारणारीलासुद्धा उत्तर माहीत नसतं, तो."

"म्हणजे तुलाही येत नाही!" टीचर टाळी वाजवायच्या. "आमच्या शाळेत असतीस तर ओणवी उभी केली असती बाई तुला."

मला हे सगळं कळायला दोन-तीन वर्षं लागली. मी भित्री, शिवाय परक्या भाषेत बोलायचं. एकदा एका कादंबरीतल्या सुनेवर बोलणं चाललं होतं. ती सासर सोडून जाते, आणि जाताना उंबऱ्यावर वाळत घातलेल्या मिरच्या उचलून घरात ठेवते. सगळ्या बायका तिच्या नवऱ्याला शिव्या घालत होत्या. एच्चीने विचारलं, "लेखक तिच्या डोळ्यांतलं पाणी दाखवत नाही, मिरच्या दाखवतो. मिरच्या नसत्या आणि पाणी असतं, तर तुमच्या मनात काय वेगळं झालं असतं?" मग मी बोलले. मोडक्यातोडक्या मल्याळममध्ये म्हणाले, पाणी असतं तर मला तिची दया आली असती, मिरच्या आहेत म्हणून मला माझं घर आठवलं. बोलले आणि रडायलाच लागले. विटा सोडल्यापासून मी तोवर रडले नव्हते. त्या दिवशी या गावात माझी मुळं रुजली, असं मी मानते.

घरी जाताना एच्ची एवढंच म्हणाली, "तुझी भाषा सुधारायला हवी. पण डोळे चांगले आहेत."

अडीच वर्षांपूर्वी आम्ही 'तिसरी भरती' वाचायला काढली. जुनी कादंबरी, लेखिकेचं ते एकच पुस्तक. नदीच्या मुखावर होडी चालवणाऱ्या मातू नावाच्या विधवेची गोष्ट आहे. नवरा गेल्यावर त्याची वल्ही ती हातात घेते, घरात नणंद चिरुता तिला टोमणे मारत असते, आणि नदीवर हळूहळू पूल बांधला जात असतो. एच्चीनेच ती सुचवली. कारखाना बंद पडायच्या आठवड्यात तिने तिथे शेवटची वाचलेली हीच कादंबरी.

"चौदावं प्रकरण येऊ दे, मग बघा," ती पहिल्याच रविवारी म्हणाली. "त्याचे प्रश्न मी तीस वर्षं पोटात ठेवलेत. ते विचारून झाले की मी सुटले."

दहाव्या प्रकरणापर्यंत सगळं ठीक होतं. अकराव्याला तिने कॅलेंडरचं पान उलगडलं आणि वाचलं, "मातूच्या नवऱ्याचं नाव काय?"

मग लीलावती टीचर खुर्चीतून उठल्याच. "आली! अगं आली ही माझ्या शाळेत!" सगळ्या खदाखदा हसल्या. एच्चीही हसली, पण जरा उशिरा हसली. मी शेजारीच बसले होते, मला तो उशीर दिसला.

बाराव्या प्रकरणाला पाचांपैकी चार प्रश्न तसेच होते. मातू आणि चिरुता एकमेकींच्या कोण? पूल कोण बांधतंय? मातूला मूल आहे का? या वेळी टीचर हसल्या नाहीत. चष्मा काढून पुसत बसल्या. हे प्रश्न चेष्टेचे नव्हते. ती खरंच विचारत होती.

एच्ची राहते तिच्या बहिणीच्या लेकीकडे, षीजाकडे. षीजाही आमच्या गटात आहे, ती तिला एळेम्मा, म्हणजे मावशी म्हणते. तिने मला विहिरीपाशी गाठलं. "एळेम्मा सकाळी जे पान वाचते ना, तेच दुपारी पुन्हा वाचते," ती म्हणाली. "आणि म्हणते, किती छान आहे गं, आज पहिल्यांदाच वाचलं. कन्नूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आता हे वाढतच जाणार. औषधानं थोडं रेंगाळेल एवढंच."

"तिला माहितीये?"

"कधी माहीत असतं, कधी विसरते. विसरते तेव्हा बरी असते."

तेराव्या महिन्यात एच्चीने प्रश्नच आणले नाहीत. पान कोरं होतं. ती ते उलटसुलट करून बघत राहिली. शेवटी तारखांच्या बाजूने वाचायला लागली, एक, दोन, तीन. षीजाने हळूच ते पान काढून घेतलं. बैठक मोडल्यावर लीलावती टीचर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शालन, हे बरं दिसत नाही. चारचौघांत तिची अशी शोभा होतेय. चौदाव्यापासून प्रश्न मी काढते. वाईटपणा माझ्याकडे."

टीचर दुष्ट नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. पण चौदावं प्रकरण एच्चीच्या हातून काढून घ्यायचं, हे मला ऐकवलंच नाही. तीस वर्षं पोटात ठेवलेलं, एका महिन्याने चुकायचं? मी म्हणाले, "एक महिना द्या टीचर. ती लिहील. मी बसते तिच्याजवळ."

बसले मी. रोज दुपारी बसले. ती लेखणी धरायची, खिडकीबाहेर बघायची आणि विचारायची, "आपण काय करतोय?" मी सांगायचे. ती म्हणायची, "हो हो, चौदावं, पूल उघडतो ते." आणि चेहरा असा उजळायचा की वाटे, आता आलं. येत नव्हतं. बैठकीला चार दिवस राहिले तेव्हा मी ठरवलं की तिचे प्रश्न मीच लिहायचे. अक्षर तर तिचंच होतं माझ्या हातात.

चौदावं प्रकरण आहे अकरा पानांचं. पूल उघडतो त्या दिवशी सगळं गाव वाजतगाजत पुलावर जातं. मातू रिकामी होडी सोडते आणि एकटी पलीकडे जाते. तिथं उतारूंसाठी नेहमी थांबायची तेवढाच वेळ थांबते. कोणी येत नाही. ती परत येते, होडी बांधते. बस, एवढंच.

लिहायला बसले आणि तोंडचं पाणी पळालं. एवढी वर्षं मी तिच्या प्रश्नांवर तावातावाने बोलत होते, पण प्रश्न करणं किती कठीण असतं ते तेव्हा कळलं. पहिला लिहिला, 'मातूला दुःख झालं का?' खोडला, हो म्हटलं की संपलं. मग, 'मातू पलीकडे का जाते?' हा बरा वाटला, पण नुसत्या 'का'ला बायका मनाला येईल ते सांगतात, पुस्तक उघडतच नाहीत. एच्ची असती तर तिने त्याला पानाशी बांधला असता. म्हणून असा केला, 'मातू गर्दीत न थांबता होडी सोडते, हे तुम्हाला हट्टानं केलेलं वाटतं की सवयीनं? तुम्हाला तसं वाटायला लावणारं वाक्य कोणतं?' आता कोणी काहीही म्हटलं तरी वाक्य शोधायला पुस्तकात जावंच लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी प्रकरण पुन्हा वाचताना लक्षात आलं की सबंध प्रकरणात पूल दिसतच नाही, पाण्यावरची त्याची सावली तेवढी दिसते. म्हणून दुसरा प्रश्न, पूल दाखवला असता तर काय बदललं असतं? आणि चिरुता, जी आधीच्या तेरा प्रकरणांत तोंड मिटत नाही, ती या प्रकरणात एक अक्षर बोलत नाही. म्हणून तिसरा, चिरुताच्या तोंडी लेखिकेनं आज काहीच का घातलं नसेल, आणि तिला बोलू दिलं असतं तर ती काय बोलली असती? हा जमल्यावर मला फार आनंद झाला. मग चौथा लिहिला, तो मला त्या सगळ्यांत खोल वाटला. पाचवा आपापल्या आयुष्याचा, तो एच्ची नेहमी शेवटी ठेवायची. आधी ठेवला तर बायका सासूच्या गोष्टी सांगत बसतात आणि पुस्तक राहतं बाजूला, असं तिचं म्हणणं.

रविवारी सकाळी ते पान मी तिच्या पुस्तकात सरकवून ठेवलं. कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी आम्ही अकरा जणी होतो. सुहराने केळ्याची भजी तळून आणली होती. सुहरा टेलरिंग करते, बैठकीतही तिच्या मांडीवर काज-बटणाचं काम असतं. षीजा वाचनशाळेसाठी पुस्तकांना कव्हरं घालत होती. एच्चीने पान उलगडलं आणि स्वच्छ आवाजात पहिला प्रश्न वाचला. लगेच बोलणं सुरू झालं. टीचर म्हणाल्या, हट्टानं. सुहरा म्हणाली, सवयीनं, बघा इथं लिहिलंय, तिचे हात तिच्याआधी निघाले. पानं फडफडायला लागली. दुसरा झाला. तिसऱ्याला तर चिरुतावरून भांडणच पेटलं. लीलावती टीचर माझ्याकडे बघून हसल्या, डोळ्यांनीच म्हणाल्या, जिंकलीस. एच्ची ताठ बसली होती. मी मनात म्हणत होते, देवा, एवढं पार पडू दे.

मग तिने चौथा वाचला. "आता आपली कोणाला गरज उरली नाही, हे मान्य करणं मातूला इतकं अवघड का जातं?"

वाचला आणि थांबली. पुन्हा वाचला, या वेळी मनातल्या मनात, ओठ हलत होते. मग तिने पान खाली ठेवलं.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

षीजा म्हणाली, "तुमचंच अक्षर आहे एळेम्मा."

"अक्षर माझं असेल. प्रश्न माझा नाही. ज्यानं लिहिलाय त्याला उत्तर माहितीये. गरज उरली नाही हे त्यानंच ठरवून टाकलं, आणि आता आम्हाला विचारतोय, तिला ते का पटत नाही. मातूनं कुठं म्हटलंय तसं? दाखवा मला." कोणी दाखवलं नाही, कारण पुस्तकात तसं कुठंच नव्हतं. तिने सगळ्यांकडे बघून घेतलं आणि नजर माझ्यावर आणून ठेवली. "या प्रश्नात मातू नाहीच. यात मी आहे. होय ना, शालन?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ती बरोबर होती. चार दिवस मी मातूकडे बघत होते असं मला वाटत होतं, आणि बघत होते तिच्याकडे, कीव करत. त्याच कीवेतून तो प्रश्न आला आणि मी त्याला खोल समजले. मी म्हणाले, "एच्ची, चुकले."

"पहिले तीन चांगले आहेत," ती म्हणाली. "चौथा खोड." आणि मग थोड्या वेळाने, जणू आधीचं काही झालंच नाही अशा आवाजात तिने विचारलं, "होडीत कोण होतं?"

टीचरांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तेच सुरू झालं, असं सगळ्यांनाच वाटलं. टीचर अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "कोणी नव्हतं देवयानी. मातू एकटी होती. हे बघ, इथं आहे, रिकामी होडी." आणि त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"नाही. कोणीतरी होतं. मी वाचलंय ना. मी वाचून दाखवलंय."

"नसतं गं पुस्तकात."

"होतं!" ती रडकुंडीला आली होती. तिला असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. षीजा उठून तिच्याजवळ गेली.

तेवढ्यात सुहरा म्हणाली, "एक म्हातारी होती."

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. सुहराच्या हातात शर्ट होता, सुई तशीच टोचलेली. "माझी उम्मा सांगायची," ती म्हणाली. उम्मा म्हणजे आई. "उम्मा होती ना कारखान्यात, तुमच्याबरोबर. ती ही गोष्ट आम्हाला सांगायची. शेवटच्या फेरीला होडीत एक म्हातारी बसते, पोटाशी कोंबडी धरून. म्हणते, मला पुलावरून भीती वाटते गं बाई, तू ने मला. आणि ती कोंबडी वाटभर ओरडत असते. म्हणून मातू हसते. मी पुस्तक वाचलं तेव्हा शोधली ती म्हातारी. मिळाली नाही. मला वाटलं, उम्माचं वय झालं होतं, तिनं कुठल्यातरी दुसऱ्या गोष्टीत मिसळलं असेल."

"कोंबडी," एच्ची म्हणाली. "हो. कोंबडी होती."

मला एकदम सगळं समजलं, आणि मला वाटतं, त्याच क्षणी टीचरांनाही. तो कारखान्याचा शेवटचा आठवडा. चाळीस माणसं बसलेली, बहुतेक बायका, सोमवारपासून कोणालाच काम नाही. आणि देवयानीएच्चीच्या हातात हे प्रकरण. न समजलेला शब्दही जिने कधी गिळला नाही, तिने त्या दिवशी पानात नसलेली एक बाई वाचली होती. मोठ्याने, खणखणीत आवाजात.

एच्चीच्याही ते ध्यानात आलं होतं. तिने टीचरांच्या बोटाखालचं पान ओढून घेतलं, ते वाचलं. रिकामी होडी. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. मग तो हळूहळू शांत होत गेला आणि तिने विचारलं, "मग मी तिला का बसवलं?"

टीचरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"सांगा ना. कारखान्यातल्या बायकांना बरं वाटावं म्हणून बसवलं, की मलाच रिकामी होडी मोठ्यानं वाचवेना म्हणून? मला आठवत नाही. आणि बसवलं ते चांगलं केलं का? लेखिकेनं होडी रिकामी ठेवली होती. मी त्या बायकांची रिकामी होडी काढून घेतली का?"

सुहराची सुई थांबली होती. षीजाच्या हातातलं कव्हर तसंच अर्धं दुमडलेलं राहिलं होतं. टीचरांचा चष्मा हातातच होता. अकराही जणींचे हात थांबले होते. चौदाव्या प्रकरणाचे तीस वर्षं पोटात ठेवलेले प्रश्न कोणते होते ते आता कधीच कळणार नाही, ते गेले. पण हा प्रश्न त्यांतलाच असावा, असं मी स्वतःला सांगते.

आम्ही साडेसहापर्यंत बोलत होतो. सुहरा म्हणाली, माझ्या उम्माला ती म्हातारी मरेपर्यंत पुरली, तेव्हा चांगलंच केलंत. टीचर म्हणाल्या, नाही, लेखिकेचा हक्क होता. मग म्हणाल्या, पण मीही तेच केलं असतं. एच्ची ऐकत होती, खिडकीबाहेर बघत. चहा निवला होता. ती गटात बोलली ती शेवटची बैठक.

आता दीड वर्ष झालं. प्रश्न मी काढते, आणि प्रत्येक पान झालं की चौथा प्रश्न पुन्हा तपासते. एच्ची घराबाहेर पडत नाही. षीजाला ती कधी ओळखते, कधी बहीण समजते. मला 'टीचर' म्हणते, हे ऐकून लीलावती टीचर आधी हसल्या आणि मग रडल्या. पुस्तक मात्र हातात दिलं की घट्ट धरते. वाचता येत नाही, म्हणून दुपारी जाऊन मी वाचून दाखवते. दुसरं काही चालत नाही, चौदावंच लागतं. अकरा पानं, रोज.

होडी सुटते तिथं आले की ती दरवेळी माझा हात धरते.

"होडीत कोण आहे?"

पहिल्या दिवशी मी अडखळले होते. आता अडखळत नाही. 'रिकामी' या शब्दावर बोट ठेवते, म्हणजे ओळ चुकत नाही, आणि वाचते, "एक म्हातारी आहे एच्ची. पोटाशी कोंबडी धरून बसलीय."

"ओरडते का?"

"वाटभर ओरडते."

मग ती हात सोडते आणि मी पुढे वाचते.